खात्यात पैसे होते, तरी कार्ड का चाललं नाही?

*मुलीचं लग्न महिन्यावर आलंय. परवा सकाळी भांड्यांच्या दुकानात कार्डानं १८,५०० रुपये दिले, काही अडलं नाही. दुपारी फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे ६४,८०० द्यायला गेले तर तेच कार्ड चालेना. खात्यात २,६१,००० रुपये आहेत. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "काकू, बॅलन्स नाहीये बहुतेक." मग त्यांनी रक्कम अर्धी करून ३२,४०० घातले, तेही गेले नाहीत. शेवटी पैसे भरायची लिंक पाठवली, तर ओटीपी आलाच नाही. बँकेचे मेसेज ह्यांच्या नंबरवर जातात, त्यांच्याकडेही आला नाही. माझ्याकडे पाच चिठ्ठ्या आहेत, त्यांवर 61, 61, 55, 55, 75 असे आकडे आहेत. घरी ह्यांच्या मोबाईलवर ॲप उघडलं. दुकानातल्या खरेदीची मर्यादा ७५,००० दिसते, म्हणजे ६४,८०० पेक्षा जास्तच. ‘ऑनलाइन’चं बटण बंद दिसतं. कार्ड दोन महिन्यांपूर्वीच नवं आलंय. सामान दुकानदारानं बाजूला ठेवलंय. हे म्हणतात कार्ड ठेवून दे, रोख नेऊ. मुलगा म्हणतो सगळी बटणं चालू कर आणि मर्यादा शेवटपर्यंत वाढव. पुढे दागिन्यांचे १,४०,००० द्यायचेत. कोणाचं ऐकू?*
*— एक वाचक*

ताई, त्या चिठ्ठ्या टाकून दिल्या नाहीत हे फार बरं केलंत. त्या दुपारी काय घडलं ते सगळं त्यांच्यावर लिहिलेलं आहे, आणि त्यात "बॅलन्स नाही" असं कुठेही नाही.

दुकानातल्या यंत्राला तुमच्या खात्यात किती पैसे आहेत ते दिसतच नाही. यंत्र फक्त विचारतं. तो प्रश्न दुकानदाराच्या बँकेकडे जातो, तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून तुमच्या बँकेपर्यंत पोहोचतो आणि काही सेकंदांत दोन आकड्यांचं उत्तर घेऊन परत येतो. 00 म्हणजे होकार. शिल्लक अपुरी असेल तर येतो 51. तुमच्या पाचही चिठ्ठ्यांवर 51 नाही, म्हणजे मालकांनी जे म्हटलं तो त्यांचा अंदाज होता, आणि तो चुकला. त्यांनी ते मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ यंत्रांवर नुसतं `DECLINED` एवढंच ठळक दिसतं, कारणाचा आकडा खाली बारीक अक्षरांत असतो आणि गल्ल्यावरच्या घाईत तो कोणी वाचत नाही. पण चार लोकांत मान खाली घालावी लागली ती तुम्हाला, म्हणून हे आधी सांगावंसं वाटलं.

आता पहिल्या दोन चिठ्ठ्या पाहू. 61 म्हणजे रक्कम ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली. तुम्ही म्हणाल, मर्यादा तर ७५,००० आहे. तुमची वजाबाकी बरोबर आहे, फक्त तिच्यात सकाळ धरलेली नाही. ही मर्यादा एका खरेदीची नसते, अख्ख्या दिवसाची असते. भांड्यांचे १८,५०० त्याच दिवशी त्याच कार्डावरून गेले होते. त्यात ६४,८०० मिळवले की होतात ८३,३००. बँकेच्या हिशेबात तुमच्याकडे त्या दुपारी ५६,५०० रुपयांची जागा उरली होती. म्हणजे ५६,५०० कार्डावर आणि उरलेले ८,३०० रोख असं केलं असतं, तर फ्रिज त्याच दिवशी घरी आला असता. पण हा हिशेब गल्ल्यावर उभं राहून कोणाला सुचत नाही, कारण ॲप ७५,००० दाखवतं आणि त्यातले किती वापरले ते बऱ्याच ॲपमध्ये शेजारी दाखवत नाही. नेहमीच्या महिन्यात हे कधी लक्षातही येत नाही. लग्नाच्या खरेदीत एका दिवसात तीन दुकानं होतात, तेव्हाच हे टोचतं.

मालकांना अर्धी रक्कम घालावीशी वाटली ती युक्ती खरं तर योग्य होती. ३२,४०० त्या ५६,५०० मध्ये आरामात बसत होते. ते का गेले नाहीत हे तिसऱ्या चिठ्ठीत आहे. तिथे आकडा बदललाय, 61 जाऊन 55 आलाय. 55 म्हणजे पिन चुकला. मर्यादेची अडचण तिथे संपली होती आणि दुसरीच सुरू झाली होती. पण पडद्यावर दोन्ही वेळा दिसलं एकच, नाकारलं. त्यामुळे तुम्हा दोघांनाही वाटलं की आधीचाच घोळ चालू आहे. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कारण बदललंय हे न कळता माणूस तीच कृती पुन्हा करतो.

सकाळी बरोबर टाकलेला पिन दुपारी कसा चुकला? गर्दी, घाई, बॅलन्स नाही असं कानावर पडलेलं, हे तर आहेच. पण आणखी एक गोष्ट आठवून पाहा. त्या दुकानातलं यंत्र बटणांचं होतं की काचेच्या पडद्याचं? काही टचस्क्रीन यंत्रांवर पिन टाकताना आकडे नेहमीच्या जागी नसतात. कोणी मागून पाहून ओळखू नये म्हणून ते दर वेळी उलटसुलट मांडले जातात. आपल्यापैकी खूप जणांना पिन आकड्यांनी आठवत नाही, बोटांना आठवतो, वरचं मधलं, मग खालचं डावीकडचं असा. बोटं सवयीनं चालली की चार आकडे चुकीचे जातात आणि आपल्याला खात्री असते की पिन बरोबरच टाकला. तुमचं तसं झालं का, हे तुम्हीच ओळखाल. पुढच्या वेळी पिन मनात आकडा आकडा म्हणत टाका, एवढं पुरेसं आहे.

चौथी चिठ्ठी पुन्हा 55 आणि पाचवी 75. या 75 चा अर्थ, पिन चुकवण्याच्या संधी संपल्या. बहुतेक बँका तीन वेळा सोडतात, त्यानंतर बरोबर पिन टाकला तरी कार्ड त्या दिवशी पिन घेत नाही. हे कार्ड कायमचं बंद पडलं असं नसतं. बऱ्याच बँकांत दुसऱ्या दिवशी किंवा चोवीस तासांनी ते आपोआप मोकळं होतं. तरी एटीएममध्ये जाऊन "हा असेल का" असं करत पिन टाकून पाहू नका, पुन्हा तीन संधी वाया जातील. पिनबद्दल थोडीही शंका असेल तर बँकेच्या ॲपमधून किंवा एटीएमवरच्या नवा पिन तयार करायच्या पर्यायातून पिन करा. बँकेनं खात्याला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येईल आणि काम पाच मिनिटांत होईल.

इथे बाकीच्या वाचकांसाठी थोडं थांबते. तुमच्या चिठ्ठीवर आणखी काही आकडे येऊ शकतात. 57 असेल तर त्या प्रकारचा वापर तुमच्या कार्डावर बंद आहे असं समजा. 91 असेल तर तुमच्या बँकेची यंत्रणा त्या क्षणी उत्तर देत नाहीये, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा करून पाहण्यात अर्थ आहे. 05 आला तर बँकेनं कारण न सांगता नकार दिलाय, तो कस्टमर केअरला विचारल्याशिवाय उलगडत नाही. आणि खरोखर 51 आला, तरी ॲपमध्ये दोन शिलका असतात हे पाहा. खात्यात दिसणारी रक्कम आणि वापरता येणारी रक्कम. चेक जमा झाला पण वटला नसेल, किंवा बँकेनं काही रकमेवर बोजा ठेवला असेल, तर दुसरी रक्कम पहिलीपेक्षा कमी असते आणि कार्ड दुसरीवरच चालतं. थोडक्यात, 91 सोडून इतर कोणत्याही आकड्यावर तेच कार्ड तसंच पुन्हा घालू नका.

ताई, आता लिंककडे येऊ. लिंक उघडून कार्डाचा नंबर टाकला की तो दुकानातला व्यवहार राहत नाही. तुम्ही दुकानात उभ्या असलात तरी बँकेच्या दृष्टीनं तो ऑनलाइन व्यवहार. आणि तुमच्या कार्डावर ऑनलाइन वापर बंद होता. हे तुम्ही बंद केलं नाहीत, बँकेनं चुकूनही केलं नाही. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२० मध्ये नियम केला की नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रात घालून वापरण्यापुरतंच चालू असावं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून वापर, हे तिन्ही ग्राहकानं स्वतः चालू करायचे. जुन्या कार्डावर तुम्ही ऑनलाइन काही घेतलं असेल, तिकीट काढलं असेल, ते सगळं चालत होतं. नवं कार्ड आलं आणि त्याच्याबरोबर ही बटणं पहिल्यापासून बंद आली. जुन्या कार्डावरची मांडणी नव्यावर येईलच असं धरून चालू नका.

ओटीपी का आला नाही तेही यातच आहे. काही बँका ओटीपी पाठवून मग नकार देतात, काही बँका बटण बंद दिसलं की ओटीपी पाठवतच नाहीत. तुमच्या घरी दोघांच्याही फोनवर काही आलं नाही आणि ॲपमध्ये बटण बंद आहे, म्हणून मी दुसरी शक्यता धरते. ज्यांचं बटण चालू आहे आणि तरी ओटीपी येत नाही, त्यांनी नेटवर्क पाहावं, मोठ्या दुकानांच्या तळघरात ते हमखास जातं. आणि बँकेकडे कोणता नंबर नोंदलेला आहे ते पाहावं.

या नंबराबद्दल मला तुमच्याशी थोडं मोकळं बोलायचंय. बटण चालू असतं तरी तो ओटीपी तुमच्याकडे आला नसता, यजमानांकडे गेला असता. मग तुम्ही फोन केला असता, त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले असते आणि काम झालं असतं. खूप घरांत हे असंच चालतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण यातून दोन गोष्टी होतात. एक, फोनवर ओटीपी सांगणं ही घरातली नेहमीची गोष्ट होऊन बसते, आणि फसवणारा माणूस नेमकी हीच सवय वापरतो. दुसरी, त्या दुपारी बँकेनं तुमच्या व्यवहारांबद्दल काही मेसेज पाठवले असतील, तर ते सगळे यजमानांच्या खिशात वाजत होते. दुकानात उभ्या असलेल्या तुम्हाला मर्यादेचं कारण कळायचा तो सोपा मार्ग होता. खातं तुमच्या नावावर असेल तर नंबर तुमचा असावा. शाखेत आधार आणि पासबुक घेऊन जा, अर्ज द्या. काही बँकांत हे एटीएमवरूनही होतं. पण बदल लागू व्हायला वेळ जातो, आणि नंबर बदलल्यावर काही बँका थोडा काळ ॲपवर बंधनं ठेवतात. म्हणून हे काम दागिन्यांच्या आदल्या दिवसावर ढकलू नका, या आठवड्यातच उरका.

घरच्या दोघांच्या सल्ल्यांमध्ये मला दोन वेगवेगळी गृहीतकं दिसतात. यजमानांना वाटतं कार्ड बेभरवशाचं. पण त्या दिवशी कार्डानं प्रत्येक वेळी ठरलेल्या नियमाप्रमाणेच उत्तर दिलं. रोखीच्या मार्गालाही मर्यादा आहेच. एटीएममधून काढायची रोजची मर्यादा दुकानातल्या खरेदीपेक्षा वेगळी असते आणि बहुधा कमी असते, त्यामुळे १,४०,००० साठी शाखेच्या खिडकीतच जावं लागेल. आणि लग्नघरातून एवढी रक्कम पर्समध्ये घेऊन सराफाकडे जाणं, ही काळजी मला कार्डापेक्षा मोठी वाटते.

मुलाला वाटतं बंद बटण म्हणजे अडथळा. त्याचं वय पाहता ते स्वाभाविक आहे, पण प्रत्येक बटण एक दार आहे आणि सगळी दारं सारख्या कामाची नसतात. टॅपचंच घ्या. टॅप केलेल्या कार्डाला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. २०२१ च्या आधी ही रक्कम २,००० होती. पर्स हरवली तर ज्याला सापडेल तो पिनशिवाय खरेदी करू शकतो. लग्नाच्या धावपळीत पर्स इथेतिथे राहते, तेव्हा टॅप बंद असलेलाच बरा. परदेशी वापर तुम्हाला लागत नाही, तोही बंद राहू द्या. ऑनलाइन लागलं तर तेवढ्यापुरतं चालू करा, काम झालं की बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या त्याच नियमानं ही सोय दिवसरात्र उपलब्ध असायला हवी आणि बटण बदललं की तुम्हाला मेसेज यायला हवा. तुम्ही काही बदललं नाही आणि तसा मेसेज आला, तर तो क्षण कार्ड ब्लॉक करण्याचा. तुमच्या चुकीशिवाय पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर ते नुकसान तुमच्यावर येत नाही. पण पिन किंवा ओटीपी आपणच कोणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. मर्यादा वर्षभर शेवटपर्यंत वाढवून ठेवण्यात म्हणूनच धोका आहे. कार्ड आणि पिन दोन्ही चुकीच्या हाती पडले तर एका दिवसात किती जाऊ शकतं, ते ती मर्यादाच ठरवते.

मग फ्रिजचं असं करा. एरवी दुसरी खरेदी नसेल अशा दिवशी जा, ६४,८०० आहे त्या मर्यादेत बसतात, काही बदलायची गरज नाही. त्याआधी पिन मोकळा झालाय का ते एटीएमवर नुसती शिल्लक पाहून तपासा. आणि खात्याचा उतारा एकदा पाहून घ्या. 61, 55 आणि 75 मध्ये पैसे कापले जात नाहीत. पण कोणाच्या बाबतीत पैसे कापले गेले आणि दुकानदाराला होकार मिळाला नाही असं झालं, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत बँकेनं ते आपणहून परत करायचे असतात. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. हा नियम २०१९ चा आहे, तक्रार करताना तो नाव घेऊन सांगता येतो.

दागिन्यांसाठी ७५,००० पुरणार नाहीत. ॲपमध्ये `POS` म्हणजे दुकानातली खरेदी, तिच्यासमोरची पट्टी पुढे सरकवून पाहा. १,४०,००० च्या पुढे गेली तर ७५,००० ही फक्त सध्या लावलेली मर्यादा आहे, ती तुम्हाला वाढवता येते. सराफाकडे जायच्या सकाळी १,५०,००० करा, मेसेज आला की निघा, संध्याकाळी पुन्हा खाली आणा. पट्टी ७५,००० लाच अडली तर ती त्या प्रकारच्या कार्डाची कमाल मर्यादा आहे, ॲपमधून ती वाढत नाही. मग वरच्या प्रकारचं कार्ड मागावं लागेल. ते यायला दिवस लागतात, आणि आलं की त्याचीही बटणं बंदच असतील. त्यापेक्षा सराफाला आजच विचारा की रक्कम थेट त्यांच्या खात्यावर पाठवलेली चालेल का. चालत असेल तर खातं आधी नोंदवून ठेवा, कारण नव्यानं नोंदवलेल्या खात्यावर मोठी रक्कम लगेच पाठवू न देणाऱ्या बँका बऱ्याच आहेत. ते जमलं नाही तर अर्धी रक्कम आगाऊ म्हणून एका दिवशी आणि अर्धी दागिने उचलायच्या दिवशी द्या. ७०,००० आणि ७०,०००, दोन्ही ७५,००० च्या आत. फक्त त्या दोन दिवशी त्याच कार्डावर साड्या घेऊ नका. आणि मुलगा ऐन वेळी तुमच्या फोनवर यूपीआय सुरू करून देतो म्हणाला तर सांगा, नव्यानं सुरू केल्यावर पहिल्या चोवीस तासांत ५,००० च्या वर पाठवता येत नाही. करायचं असेल तर तेही या आठवड्यातच, बँकेत तुमचा नंबर नोंदवून झाल्यानंतर.